तिघांपैकी दोघे हजर, कोरम पूर्ण; मग मला नोटीस मिळाली नाही म्हणून ठराव उडतो का?

बुटीबोरीवाला
आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, बुटीबोरीत फॅब्रिकेशनचं काम चालतं. डायरेक्टर तिघे: दादा, चुलतभाऊ आणि मी. एकूण शेअर्स 10,000; दादाचे 3,500, माझे 3,500, चुलतभावाचे 3,000. मागच्या महिन्यात 20 तारखेला बोर्ड मीटिंग झाली तेव्हा मी रायपूरला गिऱ्हाइकाकडे होतो. नोटीस 14 ला स्पीड पोस्टाने धरमपेठच्या जुन्या घरी पाठवली. तिथून मी तीन वर्षांपूर्वीच निघालो, कंपनीच्या रजिस्टरला मनीषनगरचा पत्ता आहे. 19 च्या रात्री पावणेदहाला घरच्या ग्रुपवर "उद्या 11 ला ऑफिसात बसू" एवढंच आलं. त्या बैठकीत तीन ठराव झाले: दादाला 4,000 नवे शेअर्स, बँकेत सह्या फक्त त्या दोघांच्या, आणि मला डायरेक्टरपदावरून काढायला सर्वसाधारण सभा. ते म्हणतात कोरम होता, बहुमत होतं, विषय संपला. खरंच संपला का?

धंतोलीचा सीए
राग येईल, पण स्पष्ट बोलतो. तीन डायरेक्टर असले की कोरम दोनचा, तो होता. तुम्ही आला असता तरी दोन विरुद्ध एक हाच निकाल लागला असता. नोटीस चुकली हे खरं, पण चुकून एखाद्याला नोटीस पोचली नाही म्हणून सभा रद्द होत नाही हे कायद्यातच लिहून ठेवलंय. आणि समजा उडालेच ठराव, तर ते पुढच्या महिन्यात नीट नोटीस काढून पुन्हा करतील. तुम्ही मात्र मुंबईच्या ट्रिब्युनलच्या तारखांना दुरांतोची तिकिटं काढत बसाल. घरातलं घरात मिटवा.

निवृत्त सेक्रेटरी
सीए साहेब, ती "चुकून राहिली तरी चालेल" वाली सवलत सभासदांच्या सर्वसाधारण सभेला आहे, कलम 101 मध्ये. बोर्डाच्या बैठकीला लागतं कलम 173, आणि तिथे ती सवलत नाही. तिथे प्रत्येक डायरेक्टरला, कंपनीकडे नोंदलेल्या पत्त्यावर, किमान सात दिवस आधी लेखी नोटीस, एवढंच आहे. फरक उगीच केलेला नाही. हजार सभासदांत दोन पाकिटं गहाळ होऊ शकतात. तीन डायरेक्टरांत एकाचं गहाळ होतं तेव्हा त्याला बहुतेक वेळा हात लागलेला असतो.

कोरम आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैठक नीट बोलावली असेल तर त्यात किती जण असले म्हणजे काम चालेल, हे कोरम सांगतो. बैठकच नीट बोलावली नसेल तर मोजायचं काय? "आला असता तरी हरला असता" हा मुद्दाही टिकत नाही. बोर्ड चर्चा करून ठरवतं असं कायदा धरून चालतो; तिसरा माणूस बोलला असता तर चुलतभाऊ कदाचित बिचकला असता. 1973 साली सुप्रीम कोर्टाने परमेश्वरी प्रसाद गुप्ता प्रकरणात हेच धरलं. एका डायरेक्टरला नोटीस नव्हती, म्हणून जनरल मॅनेजरला काढण्याचा त्या बैठकीतला ठराव अवैध.

आता तारखा बघा. पत्ता बरोबर असता तरी ही नोटीस कमी पडते. सेक्रेटेरियल स्टँडर्डप्रमाणे पाठवल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस धरायचे नाहीत, आणि पोस्टाने पाठवली तर वर दोन दिवस. 20 ची बैठक असेल तर 13 ते 19 हे सात दिवस पूर्ण मोकळे हवेत, 11 आणि 12 पोस्टाचे. म्हणजे पाकीट 10 तारखेला पडायला हवं होतं. ते पडलं 14 ला.

त्रिमूर्तीनगरची ताई
आमच्या सोसायटीत तर कोरम नाही म्हणून मीटिंग तहकूब करतात, अर्ध्या तासाने त्याच हॉलमध्ये तीच माणसं बसतात आणि लिफ्टचे साडेतीन लाख मंजूर! मी हरकत घेतली तर सेक्रेटरी म्हणे तहकूब सभेला कोरम लागत नाही. ते पण अवैधच म्हणायचं ना?

निवृत्त सेक्रेटरी
ताई, तुमची सोसायटी सहकार कायद्याखाली, 1960 चा. तुमचे उपविधी बघावे लागतील, इथली उत्तरं तिकडे लावू नका. कंपनीत अर्ध्या तासाने पुन्हा बसता येत नाही. कोरम नसला तर बैठक पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी.

धंतोलीचा सीए
101 चं मान्य, माझी गफलत झाली. पण तुम्ही सांगितलेला निकाल पुढेही वाचा. त्याच प्रकरणात नंतर रीतसर भरलेल्या बैठकीत बोर्डाने आधीची कारवाई कायम केली, आणि कोर्टाने ती मान्य केली. मॅनेजर गेला तो गेलाच. म्हणजे चूक दुरुस्त होते. मी तरी दुसरं काय म्हणत होतो?

निवृत्त सेक्रेटरी
बरोबर, आणि बँकेच्या सह्यांपुरतं मी तुमच्याशी सहमत आहे. तो विषय बोर्डाच्या हातातला आहे. उद्या सात दिवसांची नोटीस काढून, यांना बोलावून, दोन विरुद्ध एकने पुन्हा होईल. सभा बोलावण्याचंही तसंच. आणि बुटीबोरीवाले, एक कडू गोष्ट तुम्हालाही: डायरेक्टरला काढायला साधा ठराव पुरतो. त्यांच्याकडे 65 टक्के आहेत. विशेष नोटीस देऊन, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन त्यांनी नीट सभा घेतली तर खुर्ची जाते. ती वाचवायला पैसा घालू नका.

पण शेअर्सचं गणित वेगळं आहे, आणि मला वाटतं खरा खेळ तिथेच आहे. एकट्या दादाला शेअर्स द्यायचे तर कलम 62 खाली सभासदांचा विशेष ठराव लागतो, बोर्डाचा नुसता पुरत नाही. विशेष ठरावाला विरोधाच्या तिप्पट मतं बाजूने हवीत. तुमची 3,500 विरोधात गेली तर त्यांना 10,500 लागतात. त्यांच्याकडे आहेत 6,500. म्हणजे तुम्हाला बोलावून हे होऊच शकत नव्हतं. आता 4,000 नवे शेअर्स दादाच्या नावावर टाका. एकूण 14,000, तुमचे 3,500. त्यांचे किती झाले ते मोजा.

बुटीबोरीवाला
10,500. बाप रे. बरोब्बर तिप्पट.

निवृत्त सेक्रेटरी
आकडा 4,000 च का, याचं उत्तर मिळालं. 35 टक्क्यांवर तुम्ही विशेष ठराव अडवू शकत होता, बरोबर 25 वर नाही. पुढे आर्टिकल्स बदलायचे झाले तरी तुमच्यावाचून होतील.

हिंगण्याचा भाऊ
मले बी असंच केलं होतं गड्या. नोटीस नाई, काई नाई, फोन आला का ये. गेलो, बसलो, समोसा खाल्ला, हजेरी रजिस्टरवर सई ठोकली, दोन विषयांवर भांडलो बी. मंग वकिलाकडे गेलो तर तो म्हणे, तू बसला, बोलला, नोटीस कमी आहे असं तोंडातून काढलं नाई, आता नोटिशीची बोंब कोन ऐकते? तुम्ही गेले नाई हे बेस केलं. पुढच्या टायमाले जासाल तं पयले हरकत लिवून घ्याले लावजा, मंग खुर्चीवर टेकजा.

सीएसची तयारी करतेय
पण 19 तारखेचा मेसेज? नोटीस इलेक्ट्रॉनिक मार्गानेही चालते. निळी टिक आली असेल तर "मला कळवलंच नाही" असं म्हणता येईल का?

धंतोलीचा सीए
हाच मुद्दा मी समोरच्या बाजूने लढवीन. त्यांना माहीत होतं, तरी आले नाहीत.

निवृत्त सेक्रेटरी
लढवा. आदल्या रात्री पावणेदहाला, विषयपत्रिका नाही, बोर्ड मीटिंग हा शब्दही नाही, वर त्याच ग्रुपवर मावशीच्या डोहाळजेवणाचे फोटो. सात दिवसांची अट तिथे कुठे बसते? ग्रुपवरचा मेसेज मुळात नोटीस धरायचा का, यावर मात्र वकिलांत एकमत नाही. मी स्वतः ईमेलशिवाय कधी पाठवली नाही.

सीएसची तयारी करतेय
आणि त्यांनी तो राइट्स इश्यू दाखवला असेल तर? सगळ्यांना प्रमाणात ऑफर दिली, धाकट्याने मुदतीत घेतले नाहीत, म्हणून उरलेले दादाला. मग विशेष ठराव लागतच नाही.

निवृत्त सेक्रेटरी
पोरी, पास होशील. मी हेच विचारणार होतो. ऑफर किमान सात दिवस उघडी ठेवावी लागते. 90 टक्के सभासदांनी संमती दिली तरच कमी. तिघा सभासदांपैकी एक हेच असताना ते 90 कुठून येणार? शिवाय मुळात ऑफर पोचायला हवी. MCA पोर्टलवर जाऊन कंपनीने भरलेला `PAS-3` उतरवा आणि जोडलेले कागद बघा. शेअर्स कोणत्या मार्गाने दिले ते तिथे दिसेल.

धंतोलीचा सीए
राइट्स इश्यू निघाला तर यांचं काम सोपं नाही. नीडल इंडस्ट्रीजचा 1981 चा निकाल आठवा. ऑफरचं पत्र पोस्टात इतकं उशिरा टाकलं की बैठकीच्या दिवशीच ते समोरच्याला मिळालं, तरी सुप्रीम कोर्टाने शेअर्स रद्द केले नाहीत. फरकाचे पैसे द्यायला लावले.

निवृत्त सेक्रेटरी
तिथे परकीय चलन कायद्यामुळे विदेशी हिस्सा कमी करायचाच होता, कंपनीला कारण होतं. इथे कारण काय, दादाची तिप्पट? डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात डायरेक्टरने स्वतःलाच शेअर्स देऊन ताबा मिळवला होता. ते सुप्रीम कोर्टाने उडवले. तुम्ही म्हणाल तसं पैशांवरही मिटू शकतं, मी खात्री देणार नाही. पण हेतू वाईट असेल तर नंतरच्या नीट बैठकीने तो धुऊन निघतो, हे मी मानत नाही. नोटीस दुरुस्त होते.

धंतोलीचा सीए
यावर आपलं जमणार नाही. कंपनीला त्या वेळी पैशाची गरज होती असं बॅलन्स शीटवरून दाखवता आलं तर हेतूचा मुद्दा लुळा पडतो.

निवृत्त सेक्रेटरी
म्हणून बँक स्टेटमेंट हवं. दादाने 4,000 शेअर्सचे पैसे खरंच भरले की जुनं कर्ज वळतं केलं, तेही बघा. आणि बुटीबोरीवाले, आज रात्रीच दोन ईमेल करा. एक कंपनीला: 20 ची बैठक मला मान्य नाही, मिनिट्सचा मसुदा पाठवा. दुसरा बँकेला: सह्यांच्या ठरावावर वाद आहे. बँकेला माहीत नसेल तर ती म्हणेल आम्ही ठरावाची प्रत बघितली, आत काय घडलं ते आम्हाला काय ठाऊक, आणि कायदा तिच्या बाजूने राहील. तुमचं पत्र मिळाल्यावर ती तसं म्हणू शकत नाही. धरमपेठचं पाकीट मिळालं तर फोडू नका, शिक्क्यासकट ठेवा.

बुटीबोरीवाला
दोन्ही ईमेल गेले. `PAS-3` उतरवला. पोरगी बरोबर होती, राइट्स इश्यू दाखवलाय. मला ऑफर दिल्याचं पत्र जोडलंय, धरमपेठच्याच पत्त्यावर. त्यावर तारीख 20, ज्या दिवशी बैठक झाली तीच. आणि दादाला शेअर्स दिल्याची तारीख पण 20.

सीएसची तयारी करतेय
मग ते सात दिवस कुठे गेले?

धंतोलीचा सीए
टायपिंगची चूक असं म्हणतील.

हिंगण्याचा भाऊ
दोनदा?