मदत हवी आहे: रिमोट टूलमधला आयडी तोच राहतो, पासवर्ड मात्र कधी बदलतो, कधी नाही. नेमकं कसं ठरतं?

मुग्धा_क
आईच्या लॅपटॉपवर काही अडलं की मी माझ्याकडून टीमव्ह्यूअरने जोडून घेते. तिच्या स्क्रीनवर आयडी दिसतो आणि त्याखाली छोटा पासवर्ड. ती फोनवर वाचून दाखवते, मी टाकते. पासवर्डमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. त्यामुळे वाचताना तिची फार ओढाताण होते. म्हणून सोमवारी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या. दुपारी जोडलं, काम झालं. संध्याकाळी पुन्हा गरज पडली तेव्हा तोच पासवर्ड चालला. मंगळवारी सकाळी मात्र पासवर्ड चुकीचा आला. तिला बघायला सांगितलं तर तिथे नवीनच काहीतरी होतं. आयडी जसाच्या तसा.

वापरून झाल्यावर बदलत असेल तर सोमवारी संध्याकाळी कसा चालला? आणि दुसरं: भावाच्या ऑफिसात सपोर्टवाले आयडी विचारतच नाहीत, उलट तेच एक कोड देतात आणि तो भावाने टाकायचा असतो. हा आणखी वेगळा प्रकार आहे का?

नितीन_७१
ताई, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी घरच्यांनाही. मेसेज उशिरा येत असेल तर नेटवर्क तपासा. बँकेच्या ॲपमध्ये पुन्हा मागवायची सोय असते.

मुग्धा_क
काका, हा बँकेचा ओटीपी नाही. मेसेज वगैरे काही येत नाही, पासवर्ड आईच्याच स्क्रीनवर दिसतो.

स्वप्निल_डी
वन-टाइम पासवर्ड म्हणजे ऑथेंटिकेटर ॲपमध्ये असतो तसाच. दोन्ही बाजूंच्या घड्याळांवरून तयार होतो आणि ठरावीक वेळाने बदलतो. संध्याकाळी चालला तो योगायोग असेल. आयडी बदलत नाही हे बरोबर, कारण तो त्या मशीनचा असतो.

अनुराधा_नेटवर्क
स्वप्निल, आयडीचं बरोबर आहे, पण घड्याळाचा इथे संबंध नाही. घड्याळावर चालणारा कोड अर्ध्या-एक मिनिटात बाद होतो. दुपारचा संध्याकाळपर्यंत टिकलाच नसता.

मुग्धा, आयडी म्हणजे आईच्या मशीनचा पत्ता. टूल सुरू झालं की ते कंपनीच्या सर्व्हरला कळवतं की या नंबरचं मशीन आत्ता इथे, या इंटरनेट जोडणीवर आहे. तुम्ही तो नंबर टाकलात की सर्व्हर तुमची गाठ घालून देतो. घरातला आयपी बदलला, वायफाय बदललं, तरी नंबर तोच ठेवतात, नाहीतर मशीन सापडणारच नाही. त्यामुळे आयडी हे गुपित नाही. नऊ-दहा आकडी नंबर कुणीही आंधळेपणाने टाकून बघू शकतो.

आत शिरायची परवानगी पासवर्ड देतो, आणि तो आईच्याच लॅपटॉपवर, टूल सुरू होताना तयार होतो. टीमव्ह्यूअरच्या पूर्ण आवृत्तीत मूळ सेटिंग असं असतं की प्रोग्रॅम सुरू झाला की नवा पासवर्ड, आणि तो बंद होईपर्यंत तोच. एक सत्र संपलं म्हणून तो बदलत नाही. प्रगत सेटिंगमध्ये दर सत्रानंतर नवा करायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते.

आता तुमचा सोमवार. दुपारचं काम झाल्यावर आईने काय केलं? खिडकीवरची फुली दाबली की पुष्कळदा प्रोग्रॅम बंद होत नाही, खाली घड्याळाशेजारी छोट्या चिन्हात जाऊन बसतो. मग संध्याकाळी तोच पासवर्ड चालणारच. रात्री लॅपटॉप बंद झाला असेल किंवा अपडेटसाठी रीस्टार्ट झाला असेल तर सकाळी नवा.

स्वप्निल_डी
ठीक, घड्याळाचं मागे घेतो. पण सहा अक्षरांचा पासवर्ड कुणी अंदाजाने शोधून काढू नये म्हणूनच बदलतात ना?

अनुराधा_नेटवर्क
तो धोका मुख्यतः दुसऱ्या उपायाने अडवलेला असतो. चुकीचा पासवर्ड टाकत गेलं की पुढच्या प्रयत्नाआधीचा थांबा वाढत जातो. टीमव्ह्यूअरच्या सुरक्षा-माहितीत हिशोब दिला आहे: २४ प्रयत्नांना १७ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. अशा वेगाने सहा अक्षरं शोधणं होत नाही.

बदलण्याचं खरं कारण मुग्धाने स्वतःच लिहिलंय: लिहून ठेवला. फोनवर वाचलेला, चॅटमध्ये पाठवलेला, स्क्रीनशॉटमध्ये आलेला पासवर्ड आपल्या हातात राहत नाही. त्या मेसेजला सहा महिन्यांनी कुणाचा हात लागला तरी त्याचा उपयोग होऊ नये, म्हणून तो अल्पायुषी ठेवतात.

गणेश_लॅब
आयडी कधीच बदलत नाही असं नाही. आमच्या लॅबमध्ये एक मशीन एनीडेस्कसकट तयार केलं आणि त्याच्या डिस्कची नक्कल बाकीच्यांवर टाकली. सगळ्यांचा आयडी एकच! जोडायचं एकाला, उघडायचं भलतंच. एनीडेस्कचा आयडी `service.conf` या फाइलमध्ये असतो, ती नकलेबरोबर सगळीकडे गेली. सेवा थांबवून फाइल काढली आणि परत सुरू केलं तेव्हा प्रत्येकाला नवा नंबर मिळाला. कुणाचा आयडी विनाकारण बदलला असेल तर आधी ती फाइल गेलीय का बघा.

अनुराधा_नेटवर्क
हे महत्त्वाचं. शिवाय एनीडेस्कमध्ये मुळात पासवर्ड दिसतच नाही. समोरच्याने आयडी टाकला की आपल्या स्क्रीनवर विचारणा येते आणि आपण स्वीकारा म्हटलं की तो आत. तिथे परवानगी म्हणजे तुमचं बोट. म्हणून अनोळखी माणूस फोनवर "फक्त नंबर सांगा" म्हणाला तर पासवर्ड दिला नाही या भरवशावर राहू नका, पुढचं वाक्य "आता हिरवं बटण दाबा" हेच असतं. नितीनकाकांची काळजी इथे शंभर टक्के लागू आहे.

भावाचा प्रकार वेगळा. तिथला कोड मशीनचा पत्ता नसतो, त्या एका भेटीचा असतो. विंडोजच्या क्विक असिस्टमध्ये मदत करणारा कोड काढतो, तो १० मिनिटं चालतो, आणि ज्याला मदत हवी तो टाकतो. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये उलट: मदत घेणारा १२ आकडी कोड काढतो, तो ५ मिनिटं चालतो. यात पत्ता आणि परवानगी एकातच असल्यामुळे दरवेळी सगळंच नवं.

मुग्धा_क
आईला विचारलं. दुपारी फुलीच दाबली होती, आणि रात्री लॅपटॉप बंद केला होता. आज मुद्दाम करून पाहिलं: फुली दाबली, परत उघडलं, पासवर्ड तोच. मग खालच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून पूर्ण बाहेर पडायला लावलं, परत उघडलं, तर नवा. सगळा उलगडा झाला, मनापासून आभार.

मग तिच्यासाठी कायमचा पासवर्ड ठेवू का? वाचायची कटकट तरी जाईल.

गणेश_लॅब
ठेवा. लांबलचक ठेवा आणि कुठे वापरलेला नसेल असा. आम्ही सगळीकडे तेच करतो.

अनुराधा_नेटवर्क
लॅबमधल्या मशीनसमोर कुणी बसलेलं नसतं, तिथे पर्याय नाही. आई समोर असते, म्हणून मी ठेवणार नाही. कायमचा पासवर्ड असला की ती झोपली असतानाही आत जाता येतं, तुम्हाला आणि तो ज्याच्या हाती लागेल त्यालाही. ठेवायचाच असेल तर जोडणारी खाती ठरवून द्यायची यादी असते, तिच्यात फक्त तुमचं खातं घाला.

गणेश_लॅब
यादी आणि टू-फॅक्टर असेल तर आई समोर असली काय, नसली काय, मला फरक दिसत नाही.

मुग्धा_क
आत्ता यादी शोधतेय. आईच्या लॅपटॉपवरची आवृत्ती जुनी आहे, मेनू वेगळे दिसतात. कुणी जुनी आवृत्ती वापरत असेल तर कुठल्या टॅबमध्ये आहे ते सांगाल का?