मदत हवी आहे: आईचा बालपणीचा चेहरा

आईचा लहानपणीचा एकही फोटो नाही. तिच्या लग्नातल्या फोटोवरून सहा वर्षांची आई करून बघतेय, स्टेबल डिफ्यूजनच्या img2img मध्ये. Denoising strength 0.3 ठेवली की नुसती त्वचा गुळगुळीत होते, चेहरा बाईचाच राहतो. 0.6 केली की मूल दिसतं, पण कुणा दुसऱ्याचंच! डोळे टपोरे, गोल होतात. आईचे लांबट आहेत, बाहेरची कड किंचित खाली झुकलेली. मावशीचे आणि माझेही तसेच.

आता वाटतंय, आधी लिक्विफायने हनुवटी आणि नाक लहान करावं, कपाळ वाढवावं, मग डोळ्यांवर मास्क लावून बाकीचा चेहरा 0.4 वर चालवावा. पण मास्कच्या कडेला पापणीखाली मोठ्या माणसाची सुरकुती उरते. ती कशी काढायची? कुणी केलंय का असं?