उघड्या वाफेच्या लाईनीतून किती उष्णता जाते: फॉर्म्युला खरा का मिस्त्री खरा?

धानवाला_तिरोडा:
आमच्या राईस मिलमध्ये बॉयलरपासून धान उकडायच्या उसना टाकीपर्यंत ४० मीटर वाफेची लाईन अंगणातून उघडीच जाते. दोन इंची पाइप, प्रेशर ६ किलो. पुतण्या इंजिनिअरिंगले हाय, त्यानं फॉर्म्युला लावून सांगितलं का वाऱ्यानं मीटरमागे ६०० वॅट चालले. मालक म्हणते भुसा घरचाच हाय, जाऊ दे. मिस्त्री म्हणते पुस्तकातलं गणित खुल्ल्या वाऱ्यात चालत नाही. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

गणित_नको_बाप्पा:
मिस्त्रीचं ऐका भाऊ. हे फॉर्म्युले लॅबमधल्या गुळगुळीत नळकांडीवर काढलेले असतात, एकसारखी हवा सोडून. तुमच्या अंगणात कधी वारा हाय कधी नाही, कधी गोडाऊनच्या मागून भोवरा येते, त्यात काय ६०० आणि काय ३००. वारा दुप्पट झाला का उष्णता दुप्पट जाते, म्हणजे आकडा रोज बदलनार.

ऊष्मा_ताई:
दुप्पट नाही हो जात, तिथेच गल्लत आहे. पुतण्यानं बहुतेक चर्चिल आणि बर्नस्टाइन यांचा १९७७ चा फॉर्म्युला लावला असेल, कारण तो एकच समीकरण हळू वाऱ्यापासून जोरदार वाऱ्यापर्यंत चालवता येतं. हिल्पर्टच्या १९३३ च्या पद्धतीत वाऱ्याच्या पट्ट्याप्रमाणे तक्त्यातून वेगवेगळे आकडे उचलावे लागतात. फॉर्म्युला असा, यात V म्हणजे वारा, D पाइपाचा बाहेरचा व्यास, ν हवेचा चिकटपणा, k हवेची उष्णता वाहायची क्षमता आणि Pr हा हवेच्या गुणधर्मांचा तक्त्यातला आकडा:

```
Nu = 0.3 + [0.62 Re^(1/2) Pr^(1/3) / (1 + (0.4/Pr)^(2/3))^(1/4)]
         × [1 + (Re/282000)^(5/8)]^(4/5)
Re = V·D/ν      h = Nu·k/D
```

मी आत्ता चहा घेता घेता करून पाहिलं. पाइपाचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी, पृष्ठभाग १६० अंश धरला, हवा ३० अंश, वारा सेकंदाला ३ मीटर. हवेचे गुणधर्म दोघांच्या मधल्या तापमानाला, म्हणजे ९५ अंशांना घेतले. Re आलं साधारण ७९००, Nu ४६.७, आणि h, म्हणजे चौरस मीटरमागे दर अंशाला जाणारे वॅट, आलं २४.३. एका मीटर पाइपाचं क्षेत्रफळ ०.१८९ चौरस मीटर, फरक १३० अंश, गुणाकार केला की ६०० वॅटच्या आसपास. पोराचा हिशोब बरोबर आहे.

आता तोच वारा १ मीटरवर आणला तर h येतं १३.६. म्हणजे वारा तिप्पट झाला तर उष्णता १.८ पटच वाढली, कारण या पट्ट्यात वाऱ्याचा परिणाम साधारण वर्गमुळानं वाढतो. आणि वारा बिलकुल नसला तरी पाइपाला लागलेली गरम हवा स्वतःच वर जाते, त्यात १८० ते १९० वॅट जातातच. म्हणून वारा कितीही लहरी असला तरी आकडा शून्य ते हजार असा नाचत नाही.

पुतण्या_थर्ड_इयर:
काकानं माझा प्रश्न इथं टाकला वाटते 😅 ताई, आमचे सर म्हणतात हवेचे गुणधर्म ९५ ला घ्यायचे, आणि मी वर्गात वाद घातला होता का बाहेरची हवा तर ३० ची आहे, पाइपाला तीच लागते, मग ३० लाच घ्यायला पाहिजेत. मी दोन्ही करून पाहिलं तर २४.३ च्या जागी २५.१ आलं. अर्धा तास भांडलो आम्ही ते ०.८ साठी.

ऊष्मा_ताई:
😂 हवेत तसंच होतं, ν वाढतो तसा k पण वाढतो आणि दोघं एकमेकाला बरंचसं खाऊन टाकतात. तेलात किंवा पाण्यात भांडला असतास तर अर्धा तास सार्थकी लागला असता. या फॉर्म्युल्याला मधलंच तापमान घ्यायचं हे मात्र लक्षात ठेव, कारण पुढच्या सेमिस्टरला गोळ्यासाठी व्हिटेकरचा १९७२ चा फॉर्म्युला येईल, त्यात बाहेरच्या हवेच्याच तापमानाला घेतात आणि पृष्ठभागापाशी चिकटपणा बदलतो त्यासाठी वेगळा गुणक लावतात.

पण तुझ्या हिशोबात एक मोठा भोक आहे. पाइप गंजलेला काळपट असेल ना?

पुतण्या_थर्ड_इयर:
हो, पहिल्या १० मीटरला मागच्या वर्षी चांदी कलर मारला होता, बाकी सगळा काळा-तांबडा.

ऊष्मा_ताई:
मग किरणोत्सर्ग कुठे धरलास? १६० अंशांचा गंजका पाइप, ०.८ उत्सर्जकता धरली तर मीटरमागे आणखी २३० वॅट नुसते दिसेल तिकडे फेकतो, त्याला वाऱ्याची गरजच नाही. म्हणजे ३ मीटरच्या वाऱ्यात एकूण ८३० झाले. ४० मीटरला ३३ किलोवॅट. ६ किलोच्या वाफेची सुप्त उष्णता किलोमागे २०६६ किलोज्यूल, तर तासाला ५७-५८ किलो वाफ टाकीपर्यंत पोचायच्या आधीच पाणी होऊन बसते.

धानवाला_तिरोडा:
आँ? ५८ किलो? मिस्त्रीले सांगितलं तर तो हसनार. दुसरी गोष्ट, माझ्याजवळ तापमान पाहाची गन हाय, काळ्या पाइपावर १५८ दाखवते आणि चांदी कलरवर ११० दाखवते. म्हणजे कलर मारल्यानं पाइप थंडा झाला का? पूर्ण कलरच मारून टाकू का मग, स्वस्तात काम होईन.

ऊष्मा_ताई:
नाही भाऊ, पाइप तितकाच गरम आहे. गन किरण मोजते, चांदी कलर किरण कमी सोडतो म्हणून ती फसते. त्या ११० वर हात ठेवून पाहू नका. कलरनं किरणोत्सर्ग थोडा कमी होईल, पण वाऱ्याचे ६०० जसेच्या तसे राहतील.

वरुडचा_संत्रावाला:
नमस्कार जी. माझा पण हाच विषय आहे. आम्ही संत्री तोडून थंड्या खोलीत ठेवतो, ५ अंशांवर पंखा चालू. हा फॉर्म्युला लावला तर संत्रं किती वेळात थंडं होते ते निघन का? संत्रं तर गोलच असते.

ऊष्मा_ताई:
भाऊ, हा धागा पाइपाचा आहे, पण तुमच्यासाठी थोडक्यात. ७ सेंटीमीटरचं एकटं संत्रं, १.५ मीटरचा वारा, गोळ्याच्या फॉर्म्युल्यानं h साधारण १८ येतो. पण तो आकडा म्हणजे सालीवरून हवा किती पटकन उष्णता नेते एवढंच. गाभ्याची उष्णता सालीपर्यंत यायलाही वेळ लागतो, आणि संत्र्यात हा आतला अडथळा बाहेरच्याच्या तोडीचा आहे. संपूर्ण फळ एकाच तापमानाचं धरून वेळ काढली तर ती चुकीची येईल. आणि क्रेटमध्ये तर एकटं संत्रं कुठे असतं, शेजारची पन्नास संत्री वारा अडवून बसलेली असतात. एकट्या गोळ्याचा फॉर्म्युला तिथं लागू होत नाही, गाभ्यात तापमापी खुपसून बघणं सोपं.

वरुडचा_संत्रावाला:
तेच करतो. एक संत्रं गेलं समजू.

बॉयलर_आप्पा:
३१ वर्षे बॉयलर चालवले, आता घरी आहो. ताईचं गणित वाईट नाही पण मी आकड्याच्या आधी लाईन पाहतो. पहिली गोष्ट, हा फॉर्म्युला वारा पाइपाला आडवा लागते असं धरते. धानवाले भाऊ, तुमची लाईन वाऱ्याच्या रेषेतच गेली असन तर वारा पाइपाच्या अंगानं सरकते, आडवा पडत नाही, तिथं हा हिशोब जास्त दाखवन. दुसरी, हवामान केंद्रावाले जो वारा सांगतात तो १० मीटर उंचीवरचा असते, तुमचा पाइप माणसाच्या डोक्याच्या वर, तिथं वारा कमीच. तिसरी, फ्लँज, व्हॉल्व्ह आणि लोखंडी आधार हिशोबातच नाही. त्यायचे चटके मोठे असतात.

माझं मत असं का भांडन्यापेक्षा मोजा. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून लाईन पूर्ण गरम होऊ द्या, मग लाईनीत साचलेलं पाणी बाहेर सोडनाऱ्या ट्रॅपमधून येनारं पाणी २० मिनिटं पकडून तोला. पण उघड्या बादलीत पकडू नका. ते पाणी १६५ अंशांचं असते, बाहेर आलं का आठवा हिस्सा वाफ होऊन उडून जाते, तोलात कमी भरन आणि हात भाजन तो वेगळा. ड्रममध्ये अर्धं थंडं पाणी भरा, नळी आत बुडवा, आधी आणि नंतर वजन घ्या.

गणित_नको_बाप्पा:
आप्पा बरोबर बोलले. मग फॉर्म्युला कायले पाहिजे होता?

ऊष्मा_ताई:
लॅगिंग लावल्यावर काय होईल ते ड्रम सांगत नाही म्हणून. ५० मिमी लोकर आणि वर पत्रा लावला की मीटरमागचे ८३० उतरून ४० च्या खाली येतात. आणि तिथं वारा १ आहे का ३ याचा जवळपास फरकच पडत नाही, कारण मुख्य अडथळा लोकरीचा होतो. उघड्या पाइपाचा आकडा २० टक्के इकडेतिकडे असू शकतो, मी ते नाकारत नाही, या फॉर्म्युल्याची तेवढी चूक सगळे धरूनच चालतात. पण ८३० च्या जागी ६५० असले तरी मालकाचा निर्णय बदलतो का?

भुसा घरचा म्हणता ना, बॉयलर ६५ टक्के कार्यक्षम धरला तर ३३ किलोवॅटसाठी तासाला १३-१४ किलो भुसा जळतो, वर त्याची राख काढायचा माणूस. पण माझा मुख्य मुद्दा भुसा नाही, ओली वाफ टाकीत जाते आणि उसना एकसारखा होत नाही हा आहे.

धानवाला_तिरोडा:
काल रात्री आप्पांनी सांगितलं तसं केलं, पुतण्या आणि मी. २० मिनिटांत ड्रमचं वजन १४ किलो वाढलं. म्हणजे तासाला ४२. ताईंचे ५८ कुठं गेले?

गणित_नको_बाप्पा:
म्हटलं होतं ना 😄

ऊष्मा_ताई:
काल वारा किती होता? १ मीटर धरला तर हिशोब ३९ सांगतो. त्यात तुमचे फ्लँज मिळवा.

धानवाला_तिरोडा:
वारा मोजाचं काही नव्हतं जी. दोरीवर गमछा वाळू घातला होता, तो जरासाच हालत होता.

बॉयलर_आप्पा:
ताई, गमछ्यावर निकाल लावू नका. त्याच्या बॉयलरची पातळी वर ठेवत असतील तर पाण्याचे थेंब वाफेसोबत लाईनीत येतात आणि ट्रॅपमधून निघतात. १४ मधले किती पाइपानं थंडे केले आणि किती बॉयलरनं ओकले ते अजून कोणाले माहीत नाही. पातळी खाली घेऊन परत एकदा करा.

पुतण्या_थर्ड_इयर:
कॉलेजातून हातात धरायचा वारामापी आणतो शनिवारी. अजून एक, लाईनीचा अर्धा भाग गोडाऊनच्या आडोशाला आहे, हे मी हिशोबात घेतलंच नव्हतं. त्या २० मीटरला वेगळा वारा धरू का?

बॉयलर_आप्पा:
वेगळाच धर. आणि वारा पाइपाच्या उंचीवर मोज, गच्चीवर चढून नको.