अनुभव धागा: घरमालक घर बघायला किंवा दुरुस्तीला येताना आधी कळवतात का?

रश्मी_मुलुंड

मागच्या आठवड्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतेय. आम्ही मुलुंडला वन बीएचके भाड्याने घेतलाय, दीड वर्ष झालं, भाडं ५ तारखेच्या आत जातं, कधी तक्रार नाही. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसहून आले, दार उघडलं तर हॉलमधून किचनपर्यंत ओल्या चपलांचे ठसे. देवघरासमोर पण. बाथरूममधली एक लादी उचकटून भिंतीला टेकवून ठेवलेली, माझी बादली सिमेंटच्या पाण्याने भरलेली. मला वाटलं चोर. हात इतके थरथरत होते की नवऱ्याचा नंबर दोनदा चुकला.

खाली वॉचमनला विचारलं तर म्हणे तुमचे मालक आले होते, प्लंबरला घेऊन, दुपारी. खालच्या फ्लॅटमध्ये गळतंय म्हणून. त्यांच्याकडे दुसरी चावी आहे हे मला माहीतच होतं, पण ती अशी वापरतील असं कधी वाटलं नव्हतं. फोन केला तर म्हणाले, "अगं माझंच घर आहे ना, आणि काम तुमच्यासाठीच करतोय." काका वाईट नाहीत, वयाने मोठे आहेत, म्हणून तोंडातून शब्द निघाला नाही. पण दोरीवर माझे कपडे वाळत होते, टेबलवर बँकेचे कागद होते, आणि एक अनोळखी माणूस घरभर फिरून गेला. एक मेसेज टाकला असता तरी मी सुट्टी घेतली असती.

तुमचे अनुभव सांगा. भाडेकरूंचे पण आणि मालकांचे पण. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

नाना४७

ताई, वाईट वाटून घेऊ नका पण लीव्ह अँड लायसन्समध्ये ताबा कायद्याने मालकाचाच राहतो. करारात स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्याला फक्त वापरायची परवानगी. त्यामुळे त्यांना नोटीस द्यायची गरज नसते, पागडीवाल्यांची गोष्ट वेगळी.

शिवडी_ब

आमच्या मालकाने पण एक महिन्याची नोटीस दिलीये, करार अजून सात महिने आहे. खाली करावंच लागेल का? डिपॉझिट परत द्यायला पण टाळाटाळ चाललीये.

करारवाले_काका

शिवडी, तुमची घर खाली करायची नोटीस आहे, इथे विषय घरात येण्याचा चाललाय. तुमच्या करारात लॉक-इन आणि टर्मिनेशनचं कलम काय आहे ते बघा आणि वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

नाना, तुम्ही ताब्याचं म्हणता ते अर्धं बरोबर आहे, पण त्यावरून नोटीस लागत नाही असं होत नाही. मी बरीच वर्षं करार रजिस्टर करून देतोय आणि हा गैरसमज रोज ऐकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये कलम २८ आहे, अगदी एका वाक्याचं. मालकाला जागा तपासायचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी नोटीस देऊन. आणि ती नोटीस कोणाला, तर भाडेकरूला, लायसन्सीला किंवा राहणाऱ्याला, असं तिघांचं नाव घेतलंय. म्हणजे लीव्ह लायसन्सवाले मुद्दाम आत घेतलेत. शिवाय ऑनलाइन करार करतो त्याच्या ठरलेल्या नमुन्यात पण इन्स्पेक्शनची अट असते, की मालक स्वतः किंवा त्याचा माणूस वाजवी सूचना देऊन जागा बघू शकेल. रश्मीताई, तुमचा करार काढून बघा, बहुतेक सापडेल. ते दाखवून बोला, म्हणजे भांडण वाटत नाही, दोघांनी सही केलेलं आहे ना ते.

अंधेरी_ते_चर्चगेट

बरोबर. २४ तास आधी लेखी नोटीस द्यावीच लागते, कायद्यात आहे. नाही दिली तर सरळ पोलीस स्टेशन.

करारवाले_काका

२४ तासांचं तुम्ही वाचलंय ते २०२१ च्या केंद्राच्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमधलं. तो नमुना आहे, राज्याने घेतला तर लागू. आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात तास लिहिलेले नाहीत, नोटीस कागदावरच हवी असंही नाही. खरी अडचण तीच आहे, "वाजवी" म्हणजे किती हे कोणी सांगत नाही. म्हणून मी करार करतानाच जादा अट टाकायला सांगतो, की एक दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं, कोण येणार, कशासाठी, किती वाजता, आणि पाणी फुटलं, आग लागली, गॅसचा वास आला तर फोन करून लगेच. दोन ओळींचं काम आहे. लोक भाडं आणि डिपॉझिटवर तासभर बोलतात आणि या अटीवर कोणी थांबत नाही.

बोरिवली_वेस्ट

मी मालकीण आहे, माझी बाजू पण ऐका. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जूनमध्ये पहिल्या मजल्यावरच्या आजींनी बोलावून दाखवलं, त्यांच्या बाथरूमच्या स्लॅबला पिवळा डाग, मधोमध थेंब. सोसायटीचं पत्र आलं की घरातल्या बाथरूमचं लीकेज असेल तर खर्च तुमचा. मी भाडेकरूंना फोन केला, ती नर्स, तो बीपीओला, दोघं नाईट शिफ्टला. मी म्हणायचे सकाळी ११ ला येते, ते म्हणायचे नको. तीन वेळा नको. मला वाटलं मुद्दाम करतायत. चिडून एकदा न सांगता गेले, बेल वाजवली, तिने दार उघडलं, डोळे लाल, उभं राहता येत नव्हतं, ड्युटी करून दोन तासांपूर्वी झोपलेली. मला इतकं अपराधी वाटलं. माझ्यासाठी ११ वाजता म्हणजे चांगली वेळ, तिच्यासाठी ती मध्यरात्र होती. मग आम्ही संध्याकाळी ४ ची वेळ धरली आणि पुढे सगळं सुरळीत झालं.

पण मला एक सांगायचंय, नुसतं "उद्या प्लंबर येईल" असं कळवून काही उपयोग नसतो. आमचा प्लंबर जुना माणूस, तो आधी खालच्या आजींना म्हणाला दोन दिवस लक्ष ठेवा, थेंब सारखा पडतो की वरती कोणी आंघोळ केल्यावर. सारखा पडत असेल तर पाण्याची लाइन, ती कायम भरलेली असते. आंघोळीनंतर पडत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा लाद्यांचे सांधे. आता हे कळायला वरच्यांनी साथ द्यायला हवी ना. आम्ही त्यांना मेसेज केला की शनिवारी रात्री १० ते रविवारी सकाळी ८ बाथरूम वापरू नका, कॉक बंद करू नका. त्यांनी ऐकलं. रात्रभरात थेंब थांबला, म्हणजे लाइन ठीक होती, ट्रॅपच गेला होता. न सांगता गेलो असतो तर सगळ्या लाद्या फोडून बसलो असतो आणि तरी पाइपचा संशय राहिलाच असता.

वडाळा_पूर्व

@बोरिवली, मग काम किती दिवस चाललं? आमच्या मालकांनी "दोन दिवसांचं काम" सांगून ११ दिवस लावले. सासऱ्यांना खुर्ची घेऊन शेजाऱ्यांच्या बाथरूमला न्यायचो.

बोरिवली_वेस्ट

आमचे ८ दिवस. पहिल्या दिवशी तोडफोड आणि डेब्रिज खाली नेणं, दुसऱ्या दिवशी ट्रॅप बदलला, तिसऱ्या दिवशी कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा कोट, मग तो वाळू दिला, मग पाणी भरून ४८ तास ठेवलं. इथेच लोक घाई करतात. पाणी भरून खाली आजींकडे बघायचं असतं, ओल आली नाही तरच वर लाद्या. हे ४८ तास सोडले की सहा महिन्यांनी परत तेच. मी भाडेकरूंना आधीच सगळे दिवस लिहून दिले होते, कोणत्या दिवशी कारागीर येणार आणि कोणत्या दिवशी कोणी येणार नाही, फक्त बाथरूम बंद. आवाजाचं काम सोसायटीच्या वेळेतच, सकाळी १० ते १ आणि ३ ते ६. तोडफोडीच्या दिवशी ती तिच्या मावशीकडे झोपायला गेली. मी त्या महिन्याचं आठ दिवसांचं भाडं कमी केलं, कोणी मागितलं नव्हतं, मला बरोबर वाटलं.

रश्मी_मुलुंड

बोरिवली ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे कोणी थेंब कधी पडतो ते विचारलंच नाही, एक लादी उचकटली आणि गेले. आज खालच्या वहिनींना विचारते.

नाना४७

काका, कलम २८ माहीत नव्हतं. पण एक विचारतो, चावी मालकाकडे असावी की नाही? मी स्वतः भाडेकरू होतो तेव्हा लॅच बदललं होतं, गुपचूप.

करारवाले_काका

गुपचूप नको. बदलायचं तर सांगून बदला. मुंबईत दिवसा घरं बंद असतात, वरून पाणी आलं तर कोणाकडे तरी चावी लागते.

अंधेरी_ते_चर्चगेट

मी बदलणारच. माझ्या घरात कोण कधी येतं हे मला माहीत असलंच पाहिजे. शेजारी ठेवीन चावी, मालकाकडे नाही.

वडाळा_पूर्व

चावी उपयोगी पडली ते पण सांगते. आम्ही गावी होतो, गणपतीला. फ्लश टँकचा पाइप सुटला, पाणी दाराखालून जिन्यात. मालकांनी आधी फोन केला, मी म्हटलं जा आत, त्यांनी व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच दार उघडलं, सोबत सोसायटीचे सेक्रेटरी. मी स्क्रीनवर बघत होते, त्यांनी चप्पल बाहेर काढली, कॉक बंद केला, माझी गादी उचलून पलंगावर ठेवली आणि कुलूप लावून निघाले. दहा मिनिटं. ते ११ दिवस मी त्यांना त्या एका गोष्टीसाठी माफ केले.

नेहा_चेंबूर

माझा प्रश्न थोडा वेगळा. करार दोन महिन्यांत संपतोय आणि ब्रोकर रोज नवीन लोकांना घर दाखवायला आणतो. फोन करतो, पण खालूनच, "मॅडम गेटवर आहोत." काल रात्री पावणेनऊला चार जण, मी पोळ्या लाटत होते, ते बेडरूमचं कपाट उघडून बघत होते. कलम २८ मध्ये हे बसतं का?

करारवाले_काका

कलमात शब्द तपासणीचा आहे. गिऱ्हाईक दाखवणं म्हणजे तपासणी, असं माझ्या मते होत नाही. तुमच्या करारात घर दाखवू देण्याची वेगळी अट आहे का ते बघा.

बोरिवली_वेस्ट

काका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. घर रिकामं राहिलं तर माझा ईएमआय कोण भरणार? दाखवू द्यायलाच हवं. पण गेटवरून फोन म्हणजे आधी कळवणं नाही, हे मान्य. शनिवार रविवार दोन तास ठरवून द्या, नेहा, त्याच वेळेत सगळ्यांना आणू देत.

नेहा_चेंबूर

रविवारी ११ ते १ सांगितलंय आज मालकांना. हो म्हणालेत. ब्रोकरचा मात्र आत्ताच मेसेज आला, "एकच पार्टी आहे, ५ मिनिटं, येऊ का?" मी रविवारची वेळ परत टाईप करून पाठवलीये.

रश्मी_मुलुंड

अपडेट. खालच्या वहिनी म्हणतात थेंब दिवसरात्र पडतो, आम्ही घरी नसताना पण. म्हणजे बोरिवली ताईंच्या हिशोबाने पाण्याची लाइन, लादी उगाच उचकटली. मालक काकांना करारातली अट फोटो काढून पाठवली आणि खाली थेंबाचं हे लिहिलं. थोडा वेळ काही उत्तर नव्हतं. मग आलं, "शनिवारी १० वाजता चालेल का? प्लंबर आणि मी, दोघंच. तू घरी असशील तेव्हाच."