आल्याचा चहा दिवसाला पाच कप, सोबत असिट्रॉम: किती चालेल?

साखळीकर:
बाबा ६८ वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करणारी असिट्रॉम गोळी चालू आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयएनआर २ ते ३ च्या मध्ये ठेवायला सांगितलंय. गेल्या महिन्यात २.४ होता, परवा ३.७ आला. पाऊस लागल्यापासून आल्याचा चहा पाच कप होतो, रात्री सुंठ घातलेलं कषायही. छातीत जळजळ वाढलीय. आलं बंद करावं की कमी?

म्हापश्याचा_चहावाला:
जळजळ चहा पावडरीची असणार, आलं तर पोटाला चांगलं. आणि आल्यानं रक्त पातळ होतंच, तेव्हा गोळी थोडी कमी केली की हिशेब जुळेल.

औषधवाली_फोंडा:
गोळी स्वतःहून कमी करू नका. असिट्रॉम व्हिटॅमिन के अडवून रक्त गोठवणारी प्रथिनं कमी करतं, आणि आयएनआर तेवढंच मोजतो. आल्याचा जो काही परिणाम आहे तो मुख्यतः प्लेटलेट एकमेकींना चिकटण्यावर. वाट वेगळी, म्हणून एकाच्या जागी दुसरं धरता येत नाही. गोळी कमी केली आणि आलं त्या जागी पुरं पडलं नाही, तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताची भीती.

३.७ साठी लगेच आल्याला दोषी धरू नका. निरोगी स्वयंसेवकांवरच्या चाचणीत आल्यानं वॉर्फरिनचा, म्हणजे असिट्रॉमच्याच जातीच्या गोळीचा, परिणाम बदलला नव्हता. उलट आलं सुरू केल्यावर आयएनआर चढल्याची एकेकट्या रुग्णांची उदाहरणंही नोंदलेली आहेत. वाद मिटलेला नाही. साखळीकर, आधी एवढं सांगा: गेल्या दोन-तीन आठवड्यांत अँटिबायोटिक घेतलं होतं का? जेवण कमी झालंय का?

साखळीकर:
होय. खोकल्यासाठी पाच दिवस अझिथ्रोमायसिन, तापासाठी पॅरासिटामोलही रोज. जेवण निम्म्यावर, तांबडी भाजी तर खातच नाहीत.

औषधवाली_फोंडा:
मग मोठा संशय तिथंच. अँटिबायोटिकनं आयएनआर चढू शकतो, सलग काही दिवसांच्या पॅरासिटामोलनंही. त्यात पालेभाज्या सुटल्या की व्हिटॅमिन के घटतं. पावसाळ्यात खोकला, औषध आणि आलं एकदमच वाढतात, म्हणून आल्यावर आळ येतो. डॉक्टरांना आजच फोन करून ३.७ आकडा आणि ही तिन्ही कारणं सांगा. पुढची तपासणी कधी, डोस बदलायचा का, ते तेच ठरवतील. भाजी एकदम दुप्पट करू नका, आकडा उलट्या बाजूला घसरेल.

आता प्रमाण. प्रौढांना दिवसाला सुमारे ४ ग्रॅम सुंठ ही नेहमी सांगितली जाणारी वरची मर्यादा. ताज्या आल्यात चार-पंचमांश पाणी असतं, म्हणजे ताजं साधारण २० ग्रॅम. तुमच्याकडे कपात किती जातं?

साखळीकर:
काट्यावर मोजलं. कपाला ४ ग्रॅम, किसून उकळून गाळतो. कषायात सुंठ एक सपाट चमचा.

औषधवाली_फोंडा:
पाच कपांचे २० ग्रॅम, म्हणजे ४ ग्रॅम सुंठेइतकं. चमचाभर सुंठ आणखी २ ग्रॅमच्या आसपास. बेरीज ६. गाळल्यामुळे सगळं पोटात जात नाही हे खरं, पण चोथ्यात किती राहतं ते घरी कळत नाही, आणि कषायात सुंठ न गाळता जाते. शिवाय गोळी घेणाऱ्यांनी मर्यादेच्या पुष्कळ खालीच राहावं. दोन कप, कपाला २ ग्रॅम, एवढं मी सुचवेन. डॉक्टरांना कळवून आणि रोज तेवढंच. कषायातली सुंठ काढा, धणे-जिरे राहू द्या.

म्हापश्याचा_चहावाला:
गोळीबद्दल मान्य. पण जळजळीचं?

औषधवाली_फोंडा:
चहाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर. कॅफिननं जळजळ होते, पण तिखट आलंही घसा आणि अन्ननलिका चाळवतं, मात्रा वाढली की जास्त. वेगळं करून पाहायचं तर तीन दिवस चहा तेवढाच ठेवा, आलं आणि सुंठ मात्र काढा. जळजळ बसली तर कारण आलं. राहिली तर रिकाम्या पोटचा पहिला आणि झोपायच्या आधीचा शेवटचा कप सोडा. त्यासाठी आलं काढलंत हेही डॉक्टरांना सांगा.

काणकोणची_नलू:
माझ्या यजमानांना स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन. त्यांनीही आयएनआर करावा?

औषधवाली_फोंडा:
नको, त्या गोळ्यांचा परिणाम आयएनआर दाखवत नाही. मात्र त्या प्लेटलेटवरच काम करतात, म्हणून जास्त आल्याची शंका तिथं खरी जास्त जवळची. चिमूटभर आल्याचा स्वयंपाक चालेल, सुंठेच्या कॅप्सूल नको.

दोघांनाही: डांबरासारखी काळी शौच, लालसर लघवी, न थांबणारा घोळणा, कारण नसताना मोठे निळे डाग, किंवा डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि अंगदुखीसाठी ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय नाही. आल्यापेक्षा धोका त्यांचा कितीतरी मोठा.

साखळीकर:
डॉक्टरांशी बोललो. आजची गोळी वगळायला सांगितली, चार दिवसांनी पुन्हा तपासणी. आलं दोन कपांवर ठेवलं, कारण भाजी आणि आलं एकदम बदललं तर काय झालं ते कळणार नाही असं ते म्हणाले.