धरणसाठ्याच्या डॅशबोर्डचा पत्ता: दरवर्षी नवा की कायम एकच?

सिंहगडरोडवाली
आमच्या भागातल्या सोसायट्यांसाठी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या साठ्याचा डॅशबोर्ड पॉवर बीआयमध्ये करते. Publish to web मधून काढलेली फ्रेम काही सोसायट्यांनी आपापल्या संकेतस्थळावर लावली आहे, बाकीच्यांनी लिंक बुकमार्क करून ठेवली आहे. आत्ताची फाईल `Dharansatha_2024.pbix` आहे. यंदाच्या पावसाळ्यासाठी `Dharansatha_2025.pbix` तयार आहे. नवी म्हणून वेगळी टाकू, की जुन्यावरच चढवू? आमच्यातच दोन तट पडलेत.

शनिवारपेठी
जुन्यावरच चढवा. पण "चढवणं" म्हणजे नेमकं काय ते आधी पाहा, कारण गोंधळ तिथेच होतो.

डेस्कटॉपवरून प्रकाशित करताना पॉवर बीआय फाईलचं नाव बघतं. त्याच वर्कस्पेसमध्ये त्याच नावाचा रिपोर्ट असेल तर आधीचा बदलू का, असं विचारतं. होय म्हटलं की आतला मजकूर बदलतो, पण रिपोर्टची ओळख, म्हणजे पत्त्यात `/reports/` च्या पुढे येणारा लांबलचक आकडा, तीच राहते. Publish to web ची लिंक त्या रिपोर्टला बांधलेली असते, त्यामुळे तीही जशीच्या तशी चालते. `_2025` नावाने टाकलंत की दुसराच रिपोर्ट जन्माला येतो आणि जुनी फ्रेम गेल्या वर्षीचेच आकडे दाखवत बसते. हे जास्त वाईट. फ्रेम कोरी पडली असती तर कोणीतरी फोन तरी केला असता.

म्हणून नव्या फाईलला जुन्या फाईलचंच नाव द्या आणि त्याच वर्कस्पेसमध्ये प्रकाशित करा. नावात 2024 दिसतंय म्हणून जीव खालीवर होऊ देऊ नका. वर्ष पानावरच्या मथळ्यात लिहा. पुढे कधी मुळातून नवा रिपोर्ट केलात तर फाईलच्या नावात वर्ष घालूच नका.

जलदूत
मी दुसऱ्या तटातला, तेव्हा सरळच बोलतो. कायम एकच पत्ता ही बघणाऱ्याची सोय आहे, पुरावा म्हणून तो कुचकामी. जूनमध्ये धरणांनी तळ गाठलेला असतो, तेव्हा आम्ही पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहितो आणि खाली ही लिंक देतो. अधिकारी पत्र उघडतो ऑगस्टमध्ये. तोवर धरणं भरत आलेली. तो विचारणार, "टंचाई कुठे आहे?" लिंक चालू, फ्रेम चालू, आणि आमचं पत्र खोटं ठरलं. वर्षाला एक वेगळा रिपोर्ट आणि वेगळी लिंक असली की निदान वर्षाचा घोळ तरी होत नाही.

बाणेर_बंटी
एवढं कशाला? स्वतःचं डोमेन घ्या, त्यावर `/dharan` असा पत्ता करा आणि तिथून 301 ने पॉवर बीआयच्या लिंकवर पाठवा. लिंक बदलली की 301 बदला. सोसायट्यांना फक्त तुमचा पत्ता द्या. मग रिपोर्ट दरवर्षी नवा का असेना, दोन्ही तट खूश.

शनिवारपेठी
बंटी, दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी अडकशील.

पहिलं, 301 म्हणजे "कायमचं हलवलं". ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुझ्या सर्व्हरला न विचारता थेट जुन्या ठिकाणी जाऊ शकतो. तू सर्व्हरवर बदल केलास तरी ज्यांनी आधी उघडलं होतं त्यांच्याकडे जुनंच दिसत राहतं, आणि तुझ्या मशीनवर खासगी खिडकीत सगळं ठीक दिसतं. त्यामुळे दोष सापडतही नाही. इथे 302 हवा:

```
location = /dharan {
    return 302 https://app.powerbi.com/view?r=...;
}
```

दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. 302 लावलास तरी माणूस पोचतो पॉवर बीआयच्या पत्त्यावर. वरच्या पट्टीत तोच दिसतो आणि तो बुकमार्क करतो तोच, तुझा `/dharan` नाही. म्हणजे फ्रेम वाचल्या, बुकमार्क गेले. ते वाचवायचे तर `/dharan` वर नुसता रस्ता न दाखवता एक साधं पान ठेवायचं आणि त्या पानात फ्रेम:

```
<iframe src="https://app.powerbi.com/view?r=..."
        width="800" height="506"></iframe>
```

आता पट्टीत तुझाच पत्ता राहतो. 506 हा आकडा 16:9 च्या पानासाठी आहे. पानाचे 450 आणि खालच्या करड्या पट्टीचे 56. सोसायट्यांनीही तुझं पान त्यांच्या फ्रेममध्ये लावायचं. फ्रेमच्या आत फ्रेम होते, पण चालतं. फक्त तुझ्या सर्व्हरने `X-Frame-Options` पाठवून ते अडवायला नको.

सचिव_निवृत्त
आमच्या सोसायटीच्या लॉबीत टीव्ही आहे, त्यावर हाच डॅशबोर्ड दिवसभर चालू असतो. सकाळी आकडे बदलतात, पण टीव्हीवर जुनेच दिसतात. लिफ्टपाशी उभे राहून लोक मलाच विचारतात. म्हणजे लिंक बदलली असेच समजायचे ना? मी तीन जणांना फोन केले, कोणी सांगेना.

शनिवारपेठी
नाही काका, तुमची लिंक शाबूत आहे. Publish to web मधला रिपोर्ट साठवलेल्या प्रतीतून दाखवला जातो, ताजे आकडे तिथे पोचायला तासभर लागू शकतो. शिवाय टीव्हीवरचं पान कोणी उघडून ठेवलं की ते तसंच पडून राहतं. ते अधूनमधून आपोआप ताजं होईल अशी सोय ब्राउझरमध्ये करून घ्या. पत्ता तुटला की ओळखणं सोपं असतं: जुने आकडे दिसत नाहीत, आशय उपलब्ध नाही असा संदेश येतो.

जलदूत
माझ्या मुद्द्याला अजून कोणी हात लावलेला नाही.

हडपसर_विश्लेषक
मी लावते. रिपोर्ट एकच ठेवा आणि त्यात वर्ष निवडायची पट्टी द्या. 2024 निवडलं की 2024 दिसेल. चारही धरणांची मिळून उपयुक्त क्षमता 29.15 टीएमसी, ती तर बदलत नाही, त्यामुळे वर्षांची तुलनाही एकाच तक्त्यावर होते. वेगवेगळ्या रिपोर्टमध्ये ती करताच येत नाही. दरवर्षी नवी लिंक म्हणजे दर जूनला व्हॉट्सॲपवर "नवीन लिंक पाठवा हो" सुरू.

जलदूत
पट्टीने अर्धंच काम होतं. तुम्ही मागच्या तारखांचे आकडे दुरुस्त करता की नाही? करता. मग आज 2024 निवडलं तर आजची दुरुस्त यादी दिसते, मी पत्र लिहिलं त्या दिवशी काय दिसत होतं ते नाही. मला ते हवं आहे.

हडपसर_विश्लेषक
हे मान्य. पण मग वर्षाची वेगळी लिंकही तुमच्या उपयोगाची नाही. 2024 च्या रिपोर्टमध्येसुद्धा जूनमध्ये एक आणि ऑगस्टमध्ये दुसरं दिसणार. तुम्हाला लिंक नकोच आहे, त्या दिवसाची गोठवलेली प्रत हवी आहे. पत्र पाठवताना पीडीएफ काढा, नावात तारीख घाला आणि पत्राला जोडा. लिंक खाली "ताजी स्थिती" म्हणून द्या.

जलदूत
पीडीएफ मीच काढलेली म्हटल्यावर ती कोण मानणार? तुमच्या पत्त्यावर ठेवलेली असली तर गोष्ट वेगळी.

शनिवारपेठी
हे जलदूतांचं रास्त आहे. `/dharan` कायम ताजा ठेवायचा आणि `/dharan/2025-06-15` अशा पत्त्यावर त्या दिवसाची पीडीएफ, जी एकदा ठेवल्यावर कोणी हात लावायचा नाही. पण ती रोज काढणार कोण, हे सिंहगडरोडवालींनी ठरवायचं.

सिंहगडरोडवाली
रोज तर शक्य नाही, पंधरवड्याला बघते. आता खरी अडचण सांगते. 2024 चा रिपोर्ट आधीच्या एका स्वयंसेवकाने त्यांच्या ऑफिसच्या खात्यातून, त्यांच्या My workspace मध्ये प्रकाशित केला होता. मला तिथे शिरता येत नाही. ते म्हणतात, "तुम्ही तुमच्या खात्यातून त्याच नावाने टाका, मी माझं डिलीट करतो."

शनिवारपेठी
थांबवा त्यांना! आजच फोन करा.

नाव जुळणं हे एकाच वर्कस्पेसपुरतं असतं. तुमच्या खात्यातून त्याच नावाने टाकलं तरी तो वेगळा रिपोर्ट आणि वेगळी लिंक. त्यांनी डिलीट केलं की जुनी लिंक मेली. ती परत जिवंत करता येत नाही, नवी लिंक नवीच चावी घेऊन येते. `r=` च्या पुढचा मजकूर उलगडून बघा:

```
echo 'eyJrIjoi...' | base64 -d
```

आत `k` आणि `t` दिसतील. `t` ही त्यांच्या कंपनीच्या खात्याची ओळख. म्हणजे तुमच्या सोसायट्यांच्या फ्रेम आज एका परक्या कंपनीच्या दारावर टांगलेल्या आहेत. त्यांनी नोकरी सोडली, खातं बंद झालं, की प्रश्नच मिटला.

क्रम असा ठेवा. आधी तुमच्या खात्यात, कोणा एकाच्या My workspace मध्ये नाही तर सामायिक वर्कस्पेसमध्ये रिपोर्ट टाका. मग नवी लिंक काढा. इथे एक पेच येऊ शकतो: पुष्कळ ठिकाणी प्रशासकाने नव्या लिंक काढणं बंद ठेवलेलं असतं, आधीच्या तेवढ्या चालतात. तसं असेल तर आधी परवानगी मिळवा. मग `/dharan` चं पान उभं करा आणि सोसायट्यांना तो पत्ता द्या. या एका वेळी सगळ्यांना बदल करावाच लागणार, त्यातून सुटका नाही. तोवर जुना रिपोर्ट तसाच राहू द्या, फक्त त्याच्या मथळ्यात "नवा पत्ता" लिहून त्याच नावाने तिथेच पुन्हा प्रकाशित करायला सांगा. ज्यांच्यापर्यंत निरोप पोचला नाही त्यांना फ्रेममध्येच तो दिसेल.

बाणेर_बंटी
आणि डोमेनचे पैसे पुढच्या वर्षी भरायचे राहिले तर? तेव्हा बुकमार्क, फ्रेम, पीडीएफ सगळंच एका फटक्यात जाईल. पॉवर बीआयची लिंक निदान फुकट तरी टिकते.

शनिवारपेठी
टिकते कुठे, आत्ताच बघितलंस की. पण डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं हा प्रश्न खरा आहे. एका माणसाच्या नावावर घेतलंत तर My workspace चीच गोष्ट पुन्हा. तुमच्या सोसायट्यांचा महासंघ नोंदणीकृत असेल तर त्याच्या नावावर घ्या.

सिंहगडरोडवाली
महासंघ अजून नोंदणीकृत नाही. त्या स्वयंसेवकांना फोन केला, त्यांनी डिलीट केलेलं नाही. मथळा बदलून द्यायला तयार आहेत, पण मूळ फाईल जुन्या लॅपटॉपवर होती म्हणतात. ती सर्व्हिसमधून उतरवून घेता येते का ते रविवारी बघणार आहोत.

सचिव_निवृत्त
टीव्हीवर कुठला पत्ता घालायचा ते तेवढे कळवा. रिमोटने टाईप करावा लागतो, लहान असला तर बरे.