हप्ता भरला, पावती नाही: तुमचे अनुभव सांगा

रानजाई: आज कपाट आवरताना घराची जुनी फाइल हाती आली आणि पोटात तोच जुना गोळा आला. चौथ्या हप्त्याचे पैसे आरटीजीएसने पाठवले, फोनवर "आलेत, पावती पाठवतो" म्हणाले. पाचव्या हप्त्याच्या मागणीपत्रात मात्र चौथा हप्ता बाकी, वर व्याज! त्या रात्री बिल्डरच्या अकाउंट्सला लिहिलेलं मेल:

"सदनिका बी-704, बुकिंग माझ्या नावे. चौथा हप्ता 6,00,000 रुपये. पैकी 5,94,000 रुपये 12 जूनला आपल्या मागणीपत्रातल्या खात्यात जमा केले, 6,000 रुपये टीडीएस भरला. यूटीआर क्रमांक, बँकेच्या उताऱ्याचं पान आणि टीडीएसचं चलन सोबत आहे. रक्कम माझ्या पतींच्या खात्यातून आली आहे, ती याच सदनिकेकडे धरावी. जमा तारखेची पावती द्यावी, व्याज काढावं आणि आजचा खातेउतारा पाठवावा."

पतींच्या खात्याबद्दलचं वाक्य सगळ्यात कामाला आलं. बुकिंगच्या नावाशी नाव जुळेना म्हणून पैसे सस्पेन्समध्ये, म्हणजे कुणाचे ते न ठरलेल्या खात्यात, पडून होते. चौथ्या दिवशी पावती आली.

सुहास_क: एवढं कशाला? बँक स्टेटमेंट हाच पुरावा. पावती नसली तरी चालतं.

नीलाक्षी: सुहासदादा, अर्धंच बरोबर. स्टेटमेंटवरून पैसे गेले एवढंच कळतं. कुठल्या सदनिकेच्या कुठल्या हप्त्यापोटी गेले, ते पावतीवरच असतं. आमच्या कर्जाच्या बँकेने आम्ही भरलेल्या हिश्श्याच्या पावत्या पाहिल्याशिवाय पुढचा पैसा सोडला नाही. मी अकाउंट्सलाच होते बरीच वर्षं. लोक अ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट पाठवतात, त्यावर बरेचदा बँकेचा स्वतःचा व्यवहार क्रमांकच असतो. आम्हाला आमच्या उताऱ्यात शोधायला यूटीआर लागतो. एनईएफटीचा 16 अक्षरी, आरटीजीएसचा 22.

पाटीलकाकू: आमच्या सोसायटीने मेन्टेनन्सची पावती दोन वर्षं दिली नाही, त्यांनाही असंच लिहू का?

रानजाई: काकू, लिहा की. फ्लॅट नंबर आणि कुठल्या महिन्यांचे पैसे ते घाला.

भटक्या: आमचं उलटं. आम्ही टीडीएस कापून भरला, त्यांनी तेवढे पैसे कमी म्हणून पावतीच अडवली. टीडीएसचं प्रमाणपत्र, फॉर्म 16बी, पाठवल्यावर मिळाली.

नीलाक्षी: रानजाई, म्हणून तुझं चलन जोडणं छान. जमा आणि हप्ता यांत फरक दिसला की आमचा माणूस नोंद बाजूला ठेवतो आणि विसरतो.

सुहास_क: बरं, पटलं. पण व्याज पूर्ण काढलं का त्यांनी?

रानजाई: काढलं, पण पुढच्या मागणीपत्रात पुन्हा दिसलं. तेव्हा तेच मेल वर ठेवून उत्तर लिहिलं.

भटक्या: माझं व्याज अजून तसंच आहे. आज रात्री लिहितो.